इंग्लिश खरंच सुधारतंय का, हे घरच्या घरी कसं मोजायचं

प्रश्न: मॅडम, मी हडपसरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, शिक्षण सगळं मराठी मीडियम. गेले आठ महिने रोज अर्धा तास इंग्लिश करतेय. एका अ‍ॅपवर लेव्हल टेस्ट दिली तर बी२ आलं, क्लासवाल्यांनी घेतली तर ए२ म्हणाले. मला स्वतःला तर काहीच फरक जाणवत नाही. प्रगती होतेय की नाही हे घरच्या घरी कसं तपासायचं?

उत्तर:

त्या दोन्ही टेस्ट बरोबर असू शकतात. अ‍ॅपवरच्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा वाक्य दिलेलं असतं, गाळलेली जागा असते आणि खाली चार पर्याय, म्हणजे तुम्हाला फक्त बरोबर उत्तर ओळखायचं असतं. आपल्याकडे मराठी मीडियमच्या मुलांचं ग्रामर शाळेत भरपूर घोटून झालेलं असतं, अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह, डायरेक्ट-इनडायरेक्ट वगैरे, त्यामुळे असल्या टेस्टमध्ये ती सहज वर जातात. क्लासवाल्यांनी बहुतेक तुम्हाला समोर बसवून बोलायला लावलं असेल, तिथे शब्द स्वतःच्या डोक्यातून आणि दोन-तीन सेकंदांत बाहेर यावे लागतात. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हीचा आकडा वेगळा येणारच.

ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ या खालून वर जाणाऱ्या सहा लेव्हल युरोप कौन्सिलने २००१ मध्ये छापलेल्या चौकटीतून आल्यात, तिला सीईएफआर म्हणतात. त्या चौकटीतच एक स्वतःच स्वतःला तपासायचा तक्ता दिलेला आहे आणि त्यात इंग्लिशसाठी, किंवा कुठल्याही भाषेसाठी, एकच लेव्हल नाहीये. पाच ओळी आहेत: ऐकणं, वाचणं, समोरच्याशी संवाद, एकट्याने सलग बोलणं आणि लिहिणं. प्रत्येक ओळीत तुम्ही वेगळ्या लेव्हलला असू शकता आणि पुण्यातल्या नोकरी करणाऱ्या लोकांत मला तर जवळजवळ नेहमी हेच दिसतं की वाचणं बी१ किंवा बी२, लिहिणं बी१ आणि संवाद ए२. लोक मात्र विचारताना "माझी लेव्हल काय" असं एकवचनात विचारतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे वहीत पाच ओळी लिहा आणि प्रत्येकीपुढे वेगळी लेव्हल टाका, अंदाजाने का होईना. त्या तक्त्यात प्रत्येक चौकोनात दोन-तीन वाक्यंच आहेत, वाचायला अर्धा तास पुरतो.

आता आठ महिन्यांत फरक का दिसत नाही ते बघू. केंब्रिजच्या परीक्षा घेणारी मंडळी एक ढोबळ अंदाज देतात, अगदी सुरुवातीपासून धरलं तर ए२ ला साधारण १८० ते २०० तास, बी१ ला ३५० ते ४००, बी२ ला ५०० ते ६०० तास, आणि हे तास कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली केलेल्या अभ्यासाचे. म्हणजे ए२ वरून बी१ ला जायला दीडशे-दोनशे तास लागतात. तुमचा रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला १५ तास, एकही दिवस न चुकता आठ महिने धरले तरी १२०, आणि त्यातले किती तास खरंच बोलण्याचे होते ते तुम्हालाच माहीत. मग एवढ्या तासांत लेव्हलचं नाव बदललं नाही तर त्यात वावगं काहीच नाही. "साठ दिवसांत अस्खलित इंग्लिश" अशा पाट्या शिवाजीनगरपासून स्वारगेटपर्यंत दिसतात, त्यांच्या हिशोबाने स्वतःला मोजलं तर निराशाच हाती येणार.

यातून मुद्दा असा निघतो की लेव्हल हे दर महिन्याला मोजायचं माप नाहीये. एक लेव्हल फार रुंद असते, तिच्या आत तुम्ही कितीतरी पुढे सरकलात तरी नाव तेच राहतं. म्हणून मी लेव्हल फक्त दिशा ठरवायला वापरते, महिन्याचं मोजमाप करायला चेकलिस्ट आणि रेकॉर्डिंग वापरते. आणि पाचही ओळी एकदम मोजायला जाऊ नका, एक घ्या. तुमच्या बाबतीत ती "समोरच्याशी संवाद" असावी असं मला वाटतं, कारण क्लासवाल्यांच्या टेस्टमध्ये तुम्ही तिथेच अडकलात.

चेकलिस्ट कशी बनवायची हे एका मुलाच्या उदाहरणाने सांगते, कारण नुसते नियम सांगितले की लोक इंटरनेटवरून तयार यादी उचलतात आणि तिचा काही उपयोग होत नाही.

हा मुलगा मूळचा जुन्नरकडचा, राहायला भोसरीला, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला. दर गुरुवारी चेन्नईच्या कस्टमरच्या प्लांटबरोबर कॉल, समोरची माणसं तमिळ, म्हणजे हिंदीचा आधार नाही. ड्रॉइंग वाचायचा, रिपोर्ट लिहायचा, मेल पण ठीक, पण कॉलवर त्याचा सीनियर बोलायचा आणि हा शेजारी बसून आकडे पुरवायचा. मी बोलून बघितलं तर संवाद ए२, अगदी मधोमध.

तक्त्यात ए२ आणि बी१ च्या संवादात फरक काय सांगितलाय ते आम्ही आधी नीट वाचलं. ए२ चा माणूस ओळखीच्या, रोजच्या कामात साधी-सरळ देवाणघेवाण करतो पण संभाषण स्वतःच्या बळावर चालू ठेवण्याइतपत त्याला सहसा कळत नाही. बी१ चा माणूस घर, काम, आवडी, चालू घडामोडी अशा ओळखीच्या विषयावर तयारी न करता संभाषणात उतरू शकतो. म्हणजे मधलं अंतर ग्रामरचं कमी आहे, आयत्या वेळी बोलण्याचं आणि बोलणं तुटू न देण्याचं जास्त आहे. हे कळलं की चेकलिस्टमध्ये काय लिहायचं ते आपोआप सुचतं.

त्याने बारा ओळी लिहिल्या, मराठीतच, आणि प्रत्येक ओळ त्याच्या गुरुवारच्या कॉलमधली. एक ओळ अशी, "गेल्या आठवड्यात किती पीस रिजेक्ट झाले आणि का, हे कागद न बघता सांगू शकतो." दुसरी, "समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही तर नुसतं सॉरी न म्हणता नेमकं काय कळलं नाही ते विचारू शकतो." तिसरी, "अपेक्षित नसलेला प्रश्न आला तर अर्धा मिनिट तरी उत्तर चालू ठेवू शकतो." अजून एक, "समोरच्याने तारीख किंवा आकडा चुकीचा सांगितला तर तिथल्या तिथे नीट शब्दांत दुरुस्त करू शकतो." आणि एक ओळ त्याला सगळ्यात अवघड वाटायची ती, "कॉल सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं पाऊसपाणी, सणवार असं कामाबाहेरचं बोलू शकतो." बघा, यातल्या प्रत्येक ओळीत कुठे, कोणाशी, किती वेळ किंवा कशाच्या मदतीशिवाय हे ठरलेलं आहे. "मी आत्मविश्वासाने बोलू शकतो" किंवा "माझी व्होकॅब चांगली आहे" अशी ओळ लिहिलीत तर तिच्यापुढे टिक करायची की नाही हे त्या दिवशीच्या मूडवर ठरतं, मग ते मोजमाप राहिलं कुठे.

टिक पण नुसती नाही करायची, शून्य ते तीन असा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे जमत नाही. एक म्हणजे मदत घेऊन, कागद समोर ठेवून किंवा आधी पाठ करून जमतं. दोन म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत एकट्याने जमतं, अडखळत का होईना. तीन म्हणजे आयत्या वेळी, गडबडीत, नेटवर्क खराब असताना पण जमतं. आणि आकड्यापुढे पुरावा हवाच, तारीख आणि काय घडलं ते एका ओळीत. पुरावा नसेल तर आकडा एकाच्या वर जाणार नाही, आणि तीनसाठी एक पुरावा पुरत नाही, तीन वेगवेगळ्या दिवशी घडलेलं पाहिजे, कारण एखाद्या दिवशी सगळ्यांचंच बोलणं छान होतं.

या पुराव्याच्या अटीने लगेच फरक पडला. रिजेक्शनच्या ओळीपुढे त्याने स्वतःला दोन दिले होते. मी विचारलं शेवटचं कधी सांगितलंस, तर म्हणाला मागच्या गुरुवारी, आणि कसं, तर आधी मेल लिहिला होता त्यातूनच वाचून. म्हणजे एक. बारापैकी चार ओळी अशा खाली आल्या आणि त्याला वाईट वाटलं, पण सुरुवातीचा आकडा खरा नसेल तर सहा महिन्यांनी तुलना कशाशी करणार?

आता रेकॉर्डिंग. चेकलिस्टमध्ये तुमचं मत असतं, रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज असतो, म्हणून दोन्ही लागतात. महिन्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, फोनवर दोन मिनिटांची दोन रेकॉर्डिंग करायची. पहिल्यात दर महिन्याला एकाच प्रकारचं काम, त्याच्यासाठी "या आठवड्यात कामावर काय अडचण आली आणि काय केलं" हे होतं, प्रकार तोच पण मजकूर दर वेळी नवा. दुसऱ्यात अजिबात तयारी नसलेलं काहीतरी, पेपरमधला कुठलाही फोटो समोर धरायचा आणि अर्ध्या मिनिटात बोलायला सुरुवात करायची. दोन्ही का, तर फक्त पहिलं केलं तर तीच वाक्यं हळूहळू पाठ होतात आणि सुधारल्याचा भास होतो. ओळखीचं रेकॉर्डिंग वर चाललंय आणि अनोळखी जागचं हलत नाही असं दिसलं की समजायचं पाठांतर वाढलंय.

मोजायचं काय, तर फार नाही, दोनच गोष्टी. रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, दोन मिनिटांना पंधरा-वीस मिनिटं लागतात, कंटाळवाणं काम आहे पण यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. मग "अं", "म्हणजे", एकच शब्द दोनदा म्हटलेला, अर्धवट सोडून परत सुरू केलेलं वाक्य, मधे आलेले मराठी शब्द हे सगळं खोडायचं आणि उरलेले शब्द मोजून दोनने भागायचं. दुसरं म्हणजे तीन सेकंदांपेक्षा मोठी शांतता किती वेळा आली आणि ती वाक्याच्या मधे आली की वाक्य संपल्यावर, हे कागदावर खूण करून ठेवायचं. वाक्य संपवून माणूस थांबला तर तो पुढे काय सांगायचं याचा विचार करत असतो, तसे आपण मराठीत बोलताना पण थांबतो. कर्ता म्हटला आणि क्रियापदापाशी अडकला तर शब्द किंवा रचना सापडत नाहीये. लेव्हल वर सरकताना शांततांची संख्या कमी व्हायच्या आधी बऱ्याचदा त्यांची जागा बदलते, वाक्याच्या पोटातून त्या कडेला येतात.

एक गोष्ट मात्र लोक हमखास विसरतात. पहिल्या आठवड्यात एकाच प्रकारची दोन रेकॉर्डिंग दोन वेगळ्या दिवशी करून ठेवा. या मुलाचे पहिल्या दिवशी मिनिटाला ५२ शब्द आले आणि चार दिवसांनी ५९. चार दिवसांत तो काही सुधारला नव्हता, झोप, थकवा, विषय यामुळे आकडा इतका हलतोच. म्हणजे त्याच्या बाबतीत पाच-सात शब्दांचा फरक हा फरकच नाही हे आम्हाला सुरुवातीलाच कळलं, आणि पुढे दर महिन्याला तो वाढला की नाचायचं आणि घटला की रडायचं हे टळलं.

पुढे काय झालं ते सांगते. दुसऱ्या महिन्यात ६१, तिसऱ्यात ५५, चौथ्यात ६८, पाचव्यात ७०, सहाव्यात ७७. तिसऱ्या महिन्यात आकडा पडला तेव्हा तो फार नाराज झाला, म्हणाला सोडून देतो. मी त्याला दोन्ही उतरवलेले कागद शेजारी ठेवून वाचायला लावले. पहिल्या महिन्यात होतं, "पार्ट इज रिजेक्ट. साइज इज बिग. वी चेक. ऑपरेटर मिस्टेक." तिसऱ्या महिन्यात होतं, "द पार्ट वॉज रिजेक्टेड बिकॉज द होल... द होल वॉज बिगर दॅन द ड्रॉइंग, सो वी चेक्ड ऑल द पार्ट्स विच... विच मशीन टू मेड." या दुसऱ्यात चूक आहे, थांबणं आहे, वेग पण कमी आहे, तरीही ते कितीतरी पुढचं इंग्लिश आहे, कारण आता तो कारण आणि परिणाम एका वाक्यात जोडायला बघतोय. तुटक वाक्यं पटापट टाकणं सोपं असतं, वाक्य जोडायला गेलं की वेग पडतो आणि चुका वाढतात, आणि हे नेमकं ए२ च्या वरच्या टोकाला घडतं. म्हणून आकडा खाली आला की आधी कागद वाचायचा, माणूस काय बोलायचा प्रयत्न करतोय ते बघायचं. वेग पडलाय आणि वाक्यं पण तितकीच तुटक आहेत असं असेल तर मात्र खरंच काहीतरी थांबलंय.

त्याच महिन्यात अजून एक गोष्ट झाली, त्याने चेकलिस्टमध्ये स्वतःचे मार्क कमी केले. अनपेक्षित प्रश्नाच्या ओळीला आधी दोन होते ते एक केले. हे खूप जणांचं होतं आणि त्याला घाबरायचं कारण नाही. आधी स्वतःच्या चुका ऐकूच येत नव्हत्या, आता कान तयार झालाय, त्यामुळे तेच बोलणं आता वाईट वाटतं. तुम्ही लिहिलंय ना की "मला काहीच फरक जाणवत नाही", त्यात याचा वाटा असू शकतो, मोजणारी व्यक्ती पण सुधारते आणि माप कडक होतं. यावर उपाय दोन. एक म्हणजे जुने आकडे कधीही खोडायचे नाहीत, नवा रकाना करायचा आणि आकड्यांपेक्षा पुराव्यांची तुलना करायची, "मेलमधून वाचून सांगितलं" आणि "कागद न बघता सांगितलं, दोनदा अडलो" यातला फरक मूड कसाही असला तरी दिसतो.

दुसरा उपाय मला स्वतःला फार आवडतो. तीन महिन्यांनी पहिलं आणि ताजं अशी दोन रेकॉर्डिंग घ्या, नावं बदलून "क" आणि "ख" करा आणि ज्याला इंग्लिश बरं कळतं अशा कोणाला तरी ऐकवा, चुलतभाऊ, ऑफिसमधली मैत्रीण, कोणीही. "माझं सुधारलंय का" असं विचारू नका, जवळचा माणूस हो म्हणतोच. एवढंच विचारा की यातलं नंतरचं कुठलं आणि कशावरून. दोन-तीन जणांना विचारलंत आणि सगळ्यांनी न अडखळता बरोबर ओळखलं तर फरक खरा आहे. कोणी बरोबर, कोणी चूक सांगितलं तर फरक अजून ऐकू येण्याइतका झालेला नाही, मग वहीतले आकडे काहीही म्हणोत.

चेकलिस्टचा खरा उपयोग कुठे होतो तर एखादी ओळ हलत नाही तेव्हा. या मुलाची "नेमकं काय कळलं नाही ते विचारू शकतो" ही ओळ तीन महिने एकवरच होती, बाकीच्या सरकत होत्या. का, तर त्याचा सगळा सराव एकट्याचा, रेकॉर्डिंग, आरशासमोर बोलणं, व्हिडिओ बघणं, यात कोणी मधेच तोडत नाही, कोणी अस्पष्ट बोलत नाही आणि न कळायची वेळच येत नाही. मग आम्ही फक्त त्या ओळीसाठी सराव बदलला, त्याचा एक मित्र रोज दहा मिनिटं फोनवर डिस्पॅचच्या तारखा, पार्ट नंबर, क्वांटिटी मुद्दाम भरभर आणि अर्धवट सांगायचा आणि याने थांबवून विचारायचं, तेही "कुड यू रिपीट द क्वांटिटी?" किंवा "डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी?" असं नेमकं. पुढच्याच महिन्यात त्या ओळीला दोन आले आणि पुरावे खऱ्या कॉलचे होते. त्याने अजून तीन महिने नुसते व्हिडिओ बघितले असते तर ऐकणं सुधारलं असतं पण ही ओळ तिथेच राहिली असती. तेव्हा सलग दोन-तीन महिने एखादी ओळ हलली नाही तर तास वाढवायच्या आधी हे बघा की तुमच्या रोजच्या सरावात ती गोष्ट करायची वेळ येते तरी का.

सहा महिन्यांनी मी दुसऱ्या एका शिक्षिकेला त्याच्याशी बोलायला सांगितलं, तिला आधीचं काही सांगितलं नव्हतं. तिने ए२ प्लस दिलं, ए२ ची वरची अर्धी बाजू. सीईएफआरमध्ये अशा प्लसच्या मधल्या पायऱ्या पण आहेत आणि २०२० च्या वाढवलेल्या आवृत्तीत त्यांची वर्णनं आधीपेक्षा सविस्तर दिलीत, मोजमापासाठी त्या फार उपयोगी पडतात. म्हणजे सहा महिने, रोज पाऊण तास, आणि अर्धी लेव्हल. तासांच्या हिशोबात हे अगदी बसतं. पण बारापैकी सात ओळी दोन किंवा तीनवर होत्या, सुरुवातीला एकच होती. पाऊसपाण्याच्या गप्पांची ओळ मात्र एकवरच राहिली आणि ते त्याला चाललं कारण त्याची निकड तेव्हा रिजेक्शनच्या कॉलची होती.

बाहेरच्या टेस्टबद्दल थोडं. त्या द्याव्यात पण चार-सहा महिन्यांतून एकदा आणि दर वेळी तीच टेस्ट, वेगळा प्रश्नसंच. या महिन्यात एक अ‍ॅप, पुढच्या महिन्यात दुसरी वेबसाइट असं केलं तर येणारा फरक तुमचा की टेस्टचा हे कळत नाही, तुमचं झालं तसंच. लँकेस्टर विद्यापीठाची डायलँग म्हणून एक टेस्ट आहे, ती वाचणं, ऐकणं वगैरे वेगवेगळं तपासते आणि आधी तुमचं स्वतःचं मत विचारून निकालाशी ताडून दाखवते, ही पद्धत मला पटते, पण बोलणं त्यात नाही. ऐकण्यासाठी आयईएलटीएसचे जुने सराव पेपर चांगले, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं मिळतात. ४० प्रश्न असतात, तुमचे २२ चे २४ झाले तर तो फरक धरू नका, ओळीने दोन पेपरांत २८-३० आले तर धरा. आणि एकदा सोडवलेला पेपर परत मोजायला वापरायचा नाही, उत्तरं आठवतात. अ‍ॅपवरचे सलग किती दिवस, किती पॉइंट्स, वहीत लिहिलेले शब्द किती, हे सगळं तुम्ही किती बसलात ते सांगतं, काय जमतं ते सांगत नाही.

तुमच्यासाठी ओळी तुमच्या टेबलावरच्या हव्यात, चाकणच्या मुलाच्या उचलू नका. व्हेंडरचा फोन आला आणि पेमेंट का अडकलंय ते सांगायचं, इनव्हॉइस आणि पीओचा आकडा जुळत नाही हे समजावायचं, ऑडिटरने अचानक एखाद्या एंट्रीबद्दल विचारलं तर उत्तर द्यायचं, बाहेरगावच्या ब्रँचमधल्या माणसाकडून फोनवर जीएसटी नंबर उतरवून घ्यायचा आणि परत वाचून दाखवायचा. अशा आठ-दहा पुरेत. दोन-तीन अशा ठेवा ज्या आज सहज जमतात, दोन-तीन ज्या आज अजिबात जमत नाहीत, बाकी मधल्या. सगळ्याच अवघड ठेवल्या तर दोन महिने सगळीकडे शून्य दिसतं, सगळ्याच सोप्या ठेवल्या तर यादी एका महिन्यात भरते. कामाच्या ठिकाणी रोज बोलायची वेळ येत नसेल तर पुरावे कमी पडतील, मग आठवड्यातून दोन फोन मुद्दाम स्वतःकडे घ्या, "हा व्हेंडर मी बघते" म्हणून.

गेलेल्या आठ महिन्यांचं मोजमाप आता मागे जाऊन करता येणार नाही, पण जुन्या व्हॉइस नोट्स, क्लासचं एखादं रेकॉर्डिंग, जुने मेल असं काही सापडलं तर तीच तुमची पहिली नोंद धरा. नसेल तर या आठवड्यात दोन दिवशी दोन-दोन रेकॉर्डिंग करा, पाच ओळींच्या लेव्हल लिहा, चेकलिस्टला पहिले आकडे द्या, मग महिनाभर वहीत फक्त पुरावे लिहायचे, आकडे बदलायचे नाहीत. फाइलच्या नावात तारीख टाका आणि एक कॉपी स्वतःलाच मेल करून ठेवा, फोन बदलला की पहिलं रेकॉर्डिंग जातं आणि पुढची सगळी तुलना त्याच्याशीच करायची असते.